तीन मीटर, तीन आकडे आणि हरवलेले ४.२ व्होल्ट

*सर, नमस्कार. निपाणीत माझं फवारणी पंप दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. चार्जिंगच्या पंपाची बॅटरी उतरली की लाल दिवा लागावा म्हणून एलएम ३९३ आयसीवर एक सर्किट केलंय. बॅटरीला एक-एक मेगाचे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडलेत आणि मधल्या जोडावरून आयसीच्या एका पायाला वायर नेलीय. दुसऱ्या पायाला ५.६ चा झेनर आहे, त्याला बॅटरीवरून ४.७ केचा रेझिस्टर. पंप बंद असताना बॅटरी उतरू नये म्हणून मुद्दाम मेगाचे रेझिस्टर घेतले. बॅटरी १२.६ दाखवते, म्हणजे मधे ६.३ यायला पाहिजेत. माझा पिवळा डिजिटल मीटर ४.२ दाखवतो. वरच्या रेझिस्टरवरही ४.२. बेरीज ८.४ होते, मग बाकीचे ४.२ कुठं गेले? काकांच्या काटेवाल्या मीटरवर १० च्या रेंजला १.८ आणि ५० च्या रेंजला चारच्या जरा वर. आमच्या आयटीआयच्या सरांचा मीटर ६.० दाखवतो. तीनदा रेझिस्टर बदलून झाले. त्यात माझा मीटर लावला की लाल दिवा पेटतो, काढला की विझतो. मित्र म्हणतो खालचा रेझिस्टर ४.७ मेगाचा घाल, मीटरवर बरोबर दिसेल. घालू का? आणि यातला कुठला मीटर फेकून देऊ?*
— एक वाचक, निपाणी

कुठलाच फेकू नका. रेझिस्टरही पहिल्यांदा घातले होते तेच बरोबर होते, पुढच्या तिन्ही वेळचे पैसे वाया गेले. आणि ४.७ मेगाचा तर अजिबात घालू नका. का ते पुढे आकड्यांनिशी सांगतो, कारण मित्राचं ऐकलंत तर मीटर खूश होईल आणि गिऱ्हाइकाची बॅटरी मरेल.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिली आहे. मीटर लावला की दिवा पेटतो, काढला की विझतो. आयसीला तुमच्या मीटरचा आकडा दिसत नाही, तो फक्त मधल्या जोडावरचा व्होल्टेज झेनरच्या ५.६ शी ताडून बघतो. तोच दिवा पेटवत असेल तर याचा अर्थ मीटर लावल्यावर तिथला व्होल्टेज खरोखरच ५.६ च्या खाली गेला. म्हणजे तुमचा मीटर खोटं बोलत नाही. तो लावलेला असतो तेव्हा तिथं खरंच ४.२ व्होल्ट असतात. काढल्यावर पुन्हा ६.३ होतात, फक्त ते बघायला तेव्हा मीटर नसतो.

हे कसं होतं? मीटरच्या दोन वायरींच्या मधे आत एक रेझिस्टन्स असतो. व्होल्टेज मोजायचा म्हणजे थोडा का होईना, करंट मीटरमधून जाऊ द्यावा लागतो. तुमच्या पिवळ्या मीटरच्या जातीत, म्हणजे डीटी ८३० आणि त्याच्या असंख्य भावंडांत, डीसी व्होल्टच्या सगळ्या रेंजना हा आतला रेझिस्टन्स एक मेगाओहम असतो. योगायोग बघा, तुमचा खालचा रेझिस्टरही एक मेगा. प्रोब टेकवले की एक मेगाला एक मेगा समांतर जोडला गेला आणि खालची बाजू एकदम अर्ध्या मेगाची झाली. वर एक मेगा, खाली अर्धा, एकूण दीड. खालच्या वाट्याला १२.६ चा तिसरा हिस्सा आला, तो ४.२. तेव्हा वरच्या रेझिस्टरवर उरलेले ८.४ असतात, पण तुम्ही वर मोजायला गेलात तेव्हा खालून मीटर काढून वर लावलात. आता वरची बाजू अर्ध्या मेगाची झाली आणि ४.२ तिथं आले. तुम्ही बेरीज केलीत ती दोन वेगवेगळ्या सर्किटांची. ४.२ हरवले नाहीत, दर वेळी ते समोरच्या रेझिस्टरवर जाऊन बसत होते.

मला वाटतं हीच खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. दोन रेझिस्टरवरचे व्होल्टेज वेगवेगळे मोजून त्यांची बेरीज बॅटरीएवढी येत नसेल, तर रेझिस्टरवर संशय घेण्याआधी मीटरच्या ओझ्याचा विचार करावा. रेझिस्टर बिघडलेला असला, अगदी एक मेगाचा तीन मेगा झालेला असला, तरी निर्दोष मोजमापात बेरीज जमलीच पाहिजे. बेरीजच चुकते तेव्हा मोजणारा मधे लुडबुडतो आहे.

तुमच्याकडं उसाला ठिबक असेल, नसेल तर शेजाऱ्याचं बघितलं असेल. लॅटरलच्या टोकाला दाब किती आहे हे बघायला शेवटची टोपी उघडली की पाणी धारेनं बाहेर येतं आणि तेवढ्यात त्या नळीतला दाब पडतो. मोटरीजवळच्या मोठ्या पाइपला तेवढंच भोक पाडलं तर दाबाला काही कळतही नाही. बॅटरी म्हणजे तो मोठा पाइप. म्हणून बॅटरीवर तुमचे तिन्ही मीटर १२.६ दाखवणार. मधला जोड म्हणजे लॅटरलचं टोक.

किती बारीक टोक, तेही मोजता येतं. लेऑन शार्ल थेवेनिन हा फ्रान्सचा तारखात्यातला इंजिनिअर. त्यानं १८८३ साली मांडलेल्या नियमाप्रमाणं, मधल्या जोडाकडून बघितलं तर तुमची बॅटरी आणि ते दोन्ही रेझिस्टर मिळून एकाच गोष्टीसारखे वागतात: ६.३ व्होल्टची एक बॅटरी आणि तिच्या पुढं एक रेझिस्टर. हा रेझिस्टर म्हणजे तुमचे दोन्ही एकमेकांना समांतर धरून येणारी किंमत, एक मेगाला एक मेगा समांतर, म्हणजे ५०० के. यापुढं फक्त वाटणी उरते. ६.३ व्होल्ट हे ५०० के आणि मीटरचा रेझिस्टन्स यांच्यात वाटले जातात आणि मीटर आपल्या वाट्याचा भाग दाखवतो.

आयटीआयच्या सरांचा मीटर १० मेगाचा असणार. साडेदहापैकी दहा वाटे त्याचे, म्हणून ६.३ चे ६.०. त्याची चूक पाच टक्क्यांच्या जरा आत आहे, एवढंच. तुम्हाला तो 'जवळजवळ बरोबर' वाटला आणि बाकीचे बिघडलेले वाटले, पण तोही तीनशे मिलिव्होल्टनं खाली दाखवतोय. त्याच्या माहितीपत्रकात अर्धा टक्का अचूकता लिहिलेली असेल. ते खोटं नाही. तो अर्धा टक्का मीटरच्या टोकांवर जे आलंय ते वाचण्याचा आहे. टोकं लावल्यानं सर्किटचं काय झालं याची हमी त्यात नसते.

आता काकांचा काटेवाला. त्याच्या डायलवर कोपऱ्यात बारीक अक्षरात '२०,००० ओहम प्रति व्होल्ट' असं काहीतरी इंग्रजीत छापलेलं असेल, भिंग घेऊन बघा. अशा मीटरचा काटा पूर्ण फिरवायला ५० मायक्रोअँपिअर लागतात, त्यातूनच हा आकडा येतो. १० व्होल्टच्या रेंजला त्याचा रेझिस्टन्स १० गुणिले २० हजार, म्हणजे २०० के. ५० च्या रेंजला एक मेगा. म्हणून १० च्या रेंजला ६.३ चे सातशेपैकी दोनशे वाटे, बरोबर १.८ व्होल्ट. ५० च्या रेंजला तुमच्या पिवळ्या मीटरएवढेच ४.२. रेंज बदलली की आकडा बदलतो, हे काटेवाल्या मीटरवरचं ओझ्याचं दुसरं लक्षण. १० व्होल्टच्या आतल्या ठणठणीत बॅटरीवर रेंज बदलून बघा, काटा वेगळ्या जागी जाईल पण वाचन तेच राहील.

या लक्षणानं एकदा मला चांगलंच फजित केलं होतं. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मी तपासणी खात्यात होतो. खात्यात निम्मे मराठी, निम्मे कन्नड, डायलवरचा ओहम मात्र सगळ्यांचा एकच. सकाळच्या पाळीत कुणीतरी काटेवाला मीटर ५० वर लावून कार्डं तपासली आणि पास केली. दुपारी मी, जास्त बारीक वाचता यावं म्हणून, १० ची रेंज घेतली आणि तीच कार्डं नापास करून बाजूला रचली. सकाळच्या माणसाशी माझं चांगलंच वाजलं. संध्याकाळी एक म्हातारा वायरमन, जो कधी फारसा बोलत नसे, आला आणि मीटर न उचलता नुसती रेंजची कळ फिरवून दाखवली. काट्याबरोबर वाचनही सरकलं. कार्डांचा दोष नव्हता. पण त्यातली निम्मी तोवर परत गेली होती.

गंमत म्हणजे, ही दोन चुकीची वाचनं एकत्र ठेवली की खरं उत्तर त्यातूनच निघतं. १० च्या रेंजला १.८ व्होल्ट आणि मीटर २०० केचा, म्हणजे मीटरमधून ९ मायक्रोअँपिअर जात होते. ५० च्या रेंजला ४.२ व्होल्ट आणि मीटर एक मेगाचा, म्हणजे ४.२ मायक्रोअँपिअर. करंट ४.८ नं कमी झाला आणि व्होल्टेज २.४ नं वर आला. एक मायक्रोअँपिअर कमी केला की अर्धा व्होल्ट परत मिळतो, असा हा हिशेब. अजून ४.२ मायक्रोअँपिअर मीटरमध्ये जातच आहेत. तेही थांबवले, म्हणजे मीटर काढूनच टाकला, तर आणखी २.१ व्होल्ट परत येतील. ४.२ अधिक २.१, ६.३. शिवाय आत ५०० के आहेत हेही कळलं, कारण अर्धा व्होल्ट प्रति मायक्रोअँपिअर म्हणजेच ५०० के. एखाद्या अनोळखी कार्डावर रेझिस्टरांच्या किमती दिसत नसतील तेव्हा ही युक्ती फार उपयोगी पडते.

पण तिच्यावर आंधळा भरवसा नको. काट्याच्या मीटरची अचूकता पूर्ण रेंजच्या टक्क्यांत सांगितलेली असते. तीन टक्क्यांचा मीटर ५० च्या रेंजला दीड व्होल्टपर्यंत चुकू शकतो, आणि तुमचं 'चारच्या जरा वर' हे वाचन तिथलंच आहे. माझं उत्तर बरोबर ६.३ आलं कारण मी आदर्श आकडे धरले. तुम्ही प्रत्यक्ष काढलंत तर साडेपाचही येईल, साडेसातही. ओझं आहे का आणि साधारण किती मोठं, एवढं यातून खात्रीनं कळतं.

तुमच्या स्वतःच्या मीटरचा रेझिस्टन्स किती, हे माझ्या सांगण्यावर सोडू नका, घरीच तपासा. तीनदा बदललेले एक मेगाचे रेझिस्टर पडून असतीलच. त्यातला एक लाल प्रोबच्या टोकाला जोडा आणि त्यातून बॅटरी मोजा. १२.६ चे ६.३ झाले तर मीटर एक मेगाचा. ११.४५ च्या आसपास दिसले तर १० मेगाचा. काकांचा मीटर ५० च्या रेंजला ६.३ आणि १० च्या रेंजला जेमतेम २.१ दाखवील. मिळालेला आकडा मीटरच्या पाठीवर चिकटपट्टी लावून पेनानं लिहून ठेवा. मोजताना प्रोबचं धातूचं टोक आणि रेझिस्टरचा पाय दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून धरू नका. घामेजल्या माणसाचा या हातापासून त्या हातापर्यंतचा रेझिस्टन्स मेगाच्याही आत येतो आणि मग मीटरबरोबर तुम्हीही समांतर जोडले जाता.

एकदा मीटरचा आकडा माहीत झाला की दुरुस्ती सोपी आहे:

खरा व्होल्टेज = दिसलेला व्होल्टेज × (१ + सर्किटचा रेझिस्टन्स ÷ मीटरचा रेझिस्टन्स)

सर्किटचा म्हणजे तो ५०० के. तुमच्या मीटरसाठी ४.२ गुणिले दीड, ६.३. सरांच्या मीटरसाठी ६.० गुणिले १.०५, तेही ६.३. भांडण मिटलं.

आता मित्राचा सल्ला. खाली ४.७ मेगाचा घातला की तुमचा एक मेगाचा मीटर त्याला समांतर येऊन साधारण ८२५ के होतात, आणि मीटरवर ५.७ च्या जरासे आत दिसतात. म्हणजे मीटर लावूनही ५.६ च्या वर, दिवा विझलेला. मित्र म्हणेल, बघ झालं. पण मीटर काढला की खाली पुरे ४.७ मेगा आहेत आणि मधल्या जोडावर १०.४ व्होल्ट. आता हा जोड ५.६ पर्यंत उतरायला बॅटरी किती उतरावी लागेल? ६.८ व्होल्टपर्यंत. लाल दिवा लागायच्या कितीतरी आधी ती लेड-ॲसिड बॅटरी कायमची गेलेली असेल. आणि त्यातही मीटरवर पूर्ण ६.३ दिसत नाहीत. ते दिसायला खालचा रेझिस्टर काढूनच टाकावा लागेल, मग मीटर स्वतःच खालचा रेझिस्टर होईल आणि नेमके ६.३ दाखवील. मीटरवर 'बरोबर' आकडा आणण्याच्या नादात सर्किटच गायब. मूळच्या तुमच्या जोडणीत दिवा बॅटरी ११.२ ला आली की लागतो, आणि ती जागा योग्य आहे.

आता तुमच्या काटकसरीविषयी बोलतो, रागावू नका. एक-एक मेगाच्या जोडीतून ६.३ मायक्रोअँपिअर जातात, महिन्याला साडेचार मिलिअँपिअर-तास. पण शेजारी झेनरला तुम्ही ४.७ के लावलाय. त्यातून १२.६ वजा ५.६, सात व्होल्टचा करंट जातो, जवळजवळ दीड मिलिअँपिअर. आयसी स्वतः ०.४ च्या आसपास खातो. दोन्ही मिळून महिन्याला १,३०० मिलिअँपिअर-तासांच्या वर. ८ अँपिअर-तासाची बॅटरी नुसत्या या सर्किटनं सहा महिन्यांत रिकामी. याला आपल्याकडं म्हणतात मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा. रेझिस्टरांच्या त्या जोडीत, म्हणजे डिव्हायडरमध्ये, वाचवलेल्या थेंबाथेंबासाठी तुम्ही मोजमाप अवघड करून घेतलंत आणि खरा खर्च बाजूनं वाहतोच आहे.

त्याचा उपाय असा. सगळं सर्किट पंपाच्या स्विचच्या पुढून जोडा, म्हणजे पंप बंद तर सर्किटही बंद. तसाही दिवा पंप चालू असतानाच बघायचा असतो. तेवढं झालं की डिव्हायडरला मेगाचे रेझिस्टर लागतच नाहीत. तपकिरी-काळा-हिरवा पट्ट्यांचे काढा आणि तपकिरी-काळा-पिवळा, म्हणजे १०० केचे दोन घाला. करंट ६३ मायक्रोअँपिअर होईल, झेनरपुढं तो काहीच नाही. मधल्या जोडामागचा रेझिस्टन्स ५०० केचा ५० के होईल. तुमचा तोच पिवळा मीटर मग ६.३ च्या जागी ६.० दाखवील आणि सरांचा ६.२७. बरी बॅटरी असताना मीटर लावला म्हणून दिवा पेटणार नाही. मात्र बॅटरी साडेअकराच्या आसपास आली की जोडावर खरे ५.७५ असतात आणि तुमचा मीटर लावताच ते ५.५ च्या खाली जातात, तेव्हा दिवा पुन्हा मीटरमुळं पेटेल. उंबरठ्याजवळ ही गडबड थोडी राहणारच.

१०० केच्या बाजूनं आणखी दोन कारणं आहेत. एक, आयसीचा पायही एक प्रकारचा मीटरच आहे, त्यालाही थोडा करंट लागतो. एलएम ३९३ च्या पायातून साधारण २५ नॅनोअँपिअर येतात, पण एखाद्या नगात २५० पर्यंत येऊ शकतात असं त्याचं माहितीपत्रकच सांगतं. ५०० केमधून २५० नॅनोअँपिअर म्हणजे सव्वाशे मिलिव्होल्ट, आणि बॅटरीच्या भाषेत पाव व्होल्ट. हा करंट आयसीतून बाहेर येतो, म्हणून जोड वर ढकलला जातो आणि दिवा पाव व्होल्ट उशिरा लागतो. दहा पंपांना तेच सर्किट बसवाल तर दहा ठिकाणी दिवा वेगळ्या जागी लागल्यासारखा वाटेल आणि तुम्ही पुन्हा रेझिस्टर बदलत बसाल. ५० केला हीच चूक दहावा हिस्सा होते. दुसरं कारण पावसाळा. फवारणी पंप म्हणजे पाणी, औषध आणि चिखल. कार्डावर सोल्डरचा फ्लक्स राहिलेला, त्यावर दमट हवा आणि औषधाचा थर बसला की ट्रॅकमधून काही मेगाचा गळतीचा रस्ता तयार होतो. मेगाच्या डिव्हायडरला तो लगेच भोवतो. कार्ड थिनरनं पुसून वर लॅकरचा हात मारा.

मग दिवा ११.२ लाच लागतो का, हे तपासायचं कसं? इथं माझं मत स्पष्ट आहे: मधल्या जोडाला हातच लावू नका. मोजायचं ते बॅटरीच्या टोकांवर, जिथं कुठल्याही मीटरचं ओझं जाणवत नाही. तुमच्याकडं कमी-जास्त होणारा पॉवर सप्लाय असेल तर त्यावर सर्किट चालवा, व्होल्टेज हळूहळू उतरवा आणि दिवा लागतो तेव्हा सप्लायच्या टोकांवर किती आहेत ते वाचा. सप्लाय नसेल तर बॅटरी आणि सर्किट यांच्या मधे १एन४००७ डायोड घाला. प्रत्येक डायोड साधारण ०.६ ते ०.७ व्होल्ट खातो. दोन घातले की सर्किटला ११.२ ते ११.४ मिळतात, तीन घातले की १०.५ ते १०.८. दोनला दिवा विझलेला आणि तीनला पेटलेला असेल तर तुम्ही योग्य जागी आहात. मीटर सर्किटच्या बॅटरी-टोकांवर ठेवा, आकडाही मिळेल. एक गोष्ट विसरू नका, झेनर पाच टक्क्यांचा असेल तर ५.६ चा ५.३ किंवा ५.९ ही असू शकतो, म्हणजे दिवा १०.६ पासून ११.८ पर्यंत कुठंही लागू शकतो. मीटरचं ओझं गेल्यावर उरलेला फरक दिसला तर आधी झेनर बदला.

आणि कधी जोडावरच, काहीही न बिघडवता, खरा व्होल्टेज बघायची हौस असेल तर एक जुनी पद्धत आहे. पोगेनडॉर्फ या जर्मन शास्त्रज्ञानं ती १८४१ मध्ये मांडली. आमच्या वेळी पीयूसीच्या प्रयोगशाळेत लाकडी पट्टीवरच्या लांब तारेवर जॉकी टेकवत जो प्रयोग करायचो, तो तिचाच. तुम्हाला तार नको, १० केचा एक प्रिसेट पुरे. त्याची दोन टोकं बॅटरीला जोडा. मीटरचा एक प्रोब प्रिसेटच्या मधल्या पायाला आणि दुसरा तुमच्या मधल्या जोडाला लावा. २० च्या रेंजवर सुरुवात करा, स्क्रू ड्रायव्हरनं प्रिसेट फिरवत शून्याजवळ या, मग २०० मिलिव्होल्टची रेंज घेऊन नीट शून्य करा. शून्य म्हणजे दोन्हीकडं सारखा व्होल्टेज, म्हणजे मीटरमधून करंटच नाही, म्हणजे ओझंही नाही. आता प्रोब जोडावरून काढून बॅटरीच्या ऋण टोकाला लावा आणि प्रिसेटच्या मधल्या पायावर किती आहेत ते वाचा. प्रिसेटमागचा रेझिस्टन्स फार तर अडीच के असतो, त्यामुळं तुमच्या त्याच पिवळ्या मीटरवर ६.२८ दिसतील. एक मेगाच्या मीटरनं मेगाच्या डिव्हायडरवर काढलेलं वाचन, आणि सरांच्या महाग मीटरपेक्षा खऱ्याच्या जवळ. जाऊन त्यांना दाखवा, त्यांनाही आवडेल.

काकांचा मीटर विचारलात म्हणून शेवटी त्याच्याबद्दल. तो जपून ठेवा. घरातल्या वायरिंगमध्ये एखादी वायर दोन्हीकडून सोडलेली असली, तरी शेजारच्या चालू वायरीमुळं सरांचा १० मेगाचा मीटर तिच्यावर साठ-सत्तर व्होल्ट दाखवून घाबरवतो. काटेवाला मीटर एसीच्या रेंजला जास्त करंट ओढतो, त्यामुळं असल्या पोकळ व्होल्टेजवर त्याचा काटा बराच खाली पडतो. खरा फेज असेल तिथं तोच काटा सरळ २३० वर जाऊन उभा राहतो. इथं ज्या ओझ्यानं तुम्हाला रडवलं, तेच ओझं तिथं काम करतं. फक्त तिथं हात घालायचा तो वायरमनचं काम येणाऱ्या माणसानं, आणि काकांच्या मीटरच्या प्रोबचं प्लॅस्टिक फाटलेलं नाही हे आधी बघून.